पेमेंट गेटवेने सेटलमेंट अडवलंय, मेल कसा लिहू?

प्रश्न: मी देवगडचा हापूस वेबसाइटवरून आगाऊ बुकिंग घेऊन विकतो. 6 ते 9 एप्रिलच्या 62 पेट्यांचे 1,86,000 रुपये गेटवेने अडवलेत. आज 17 तारीख. मी लिहिलं होतं, "माझे पैसे का अडवले? लगेच सोडा, नाहीतर ग्राहक न्यायालयात जाईन." उत्तर आलं, "आपलं खातं तपासणीत आहे." कारण आणि पैसे सुटण्याची तारीख मिळेल असा मेल कसा लिहावा?

उत्तर:

मी काही वर्षं एका पेमेंट कंपनीत मर्चंट रिस्कच्या बाजूला काम केलं आहे. असे मेल रोज यायचे. तुमच्या मेलला साचेबंद उत्तर मिळालं, कारण त्याला दुसरं उत्तर देता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. सपोर्टवाल्याकडे नाव, आयडी, रक्कम यातलं काही नाही. "का?" या उघड्या प्रश्नाला त्याला "तपासणी" एवढंच लिहायची मुभा असते.

लिहिण्याआधी डॅशबोर्डवर सेटलमेंटची स्थिती बघा. तिथे यूटीआर, म्हणजे बँकेत पाठवलेल्या रकमेचा क्रमांक, दिसत असेल तर पैसे गेटवेकडून निघालेत आणि चौकशी तुमच्या बँकेत करायची. यूटीआर नसेल आणि "होल्ड" दिसत असेल तरच पुढचं कामाचं.

मग रक्कम. 1,86,000 ही तुमची विक्री झाली, तुमचं येणं नव्हे. 2 टक्के दर धरला तर फी 3,720, त्यावर 18 टक्के जीएसटी 669.60. एका पेटीचा 3,000 चा परतावा गेला असेल तर येणं उरतं 1,78,610.40. (रद्द ऑर्डरची फी बहुधा परत मिळत नाही.) तुमचा खरा दर आणि खरे परतावे घालून डॅशबोर्डवरची निव्वळ रक्कम लिहा. आकडा जुळला नाही की पहिले दोन दिवस आकड्यावरच जातात.

दिवसही कामकाजाचे मोजा. करारात टी+2, म्हणजे व्यवहारानंतर कामकाजाचे दोन दिवस, असेल, तर 9 तारखेचं पेमेंट 11 ला नाही, 13 ला देय होतं, कारण 11 ला दुसरा शनिवार आणि 12 ला रविवार. 14 एप्रिलला बँका बंद. म्हणजे 17 तारखेपर्यंत शेवटच्या पेमेंटला कामकाजाचे तीनच दिवस उशीर आहे, तेवढाच लिहा.

आता तुमच्याकडे नेमकं काय झालं असावं? माझा अंदाज असा: वर्षभर शांत असलेल्या खात्यात चार दिवसांत लाखभराच्या वर रक्कम आली, आणि माल ग्राहकाला पोचल्याची नोंद गेटवेकडे नाही. रिस्कच्या माणसाला यात आंबा दिसत नाही. पैसे आगाऊ घेऊन गायब होणारा विक्रेताही सुरुवातीला अगदी असाच दिसतो. उद्या ग्राहकांनी बँकेकडून पैसे परत मागितले, म्हणजे चार्जबॅक केला, आणि तुमचं खातं रिकामं असेल, तर भरपाई गेटवेला करावी लागते. त्यामुळे मेलचा सगळ्यात वजनदार भाग म्हणजे पोच झालेल्या पेट्यांचा पुरावा. समजा 41 पेट्या पोचल्या, 20 वाटेत किंवा अजून झाडावर, 1 रद्द. मग सगळी रक्कम एकदम मागत बसू नका, 41 ची आधी मागा. निम्म्याहून जास्त रक्कम सोडायला त्यांना कारण मिळतं, आणि राहिलेल्या 20 साठी तारीख पोच होण्याशी बांधता येते.

मी असा लिहीन. सपोर्टला इंग्रजीत पाठवा, पण आधी मराठीत आकडे पक्के करा.

> विषय: मर्चंट आयडी ____, सेटलमेंट आयडी ____: 1,78,610.40 रुपये अडकले, कारण व तारीख हवी (तिकीट क्र. ____)
>
> आमच्या 6 ते 9 एप्रिलच्या व्यवहारांचं सेटलमेंट करारातील कलम ____ प्रमाणे 13 एप्रिलपर्यंत देय होतं. डॅशबोर्डवर ते "होल्ड" दिसतं, यूटीआर नाही.
>
> 1. अडवण्याचं कारण यांपैकी कोणतं: केवायसी किंवा बँक खात्याचा तपशील, व्यवहारांतली अचानक वाढ, ग्राहकाची तक्रार किंवा चार्जबॅक, की एखाद्या यंत्रणेचा आदेश? आदेश असल्यास त्याचा क्रमांक आणि देणाऱ्या कार्यालयाचं नाव कळवावं.
> 2. कोणती कागदपत्रं मिळाल्यावर तपासणी पूर्ण होईल, आणि त्यानंतर किती कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा होईल?
>
> आम्ही हापूस आंबा विकतो. हंगामी बुकिंगमुळे एप्रिलमध्ये व्यवहार वाढतात. 62 ऑर्डरींपैकी 41 पोचल्या, 20 ची पोच 25 एप्रिलपर्यंत होईल, 1 चा परतावा दिला आहे. ऑर्डरनिहाय यादी, कुरिअरच्या पावत्या व पोच, आणि मागच्या हंगामाची विक्री सोबत जोडली आहे.
>
> पोच झालेल्या 41 ऑर्डरींची रक्कम आता सोडावी आणि उरलेल्यांची तारीख कळवावी. 21 एप्रिलपर्यंत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

पर्याय देण्यामागे कारण आहे. सपोर्टवाल्याला "का" सांगायची परवानगी नसते, पण "दिलेल्यांपैकी दुसरं" एवढं लिहायला तो सहसा घाबरत नाही. तारखेचंही तसंच: "कधी सोडाल?" याला तो "लवकरच" म्हणतो, "कागद मिळाल्यावर किती दिवस?" याला आकडा द्यावा लागतो.

एक मर्यादा मात्र आहे. व्यवहार संशयास्पद म्हणून सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवला असेल, तर ते तुम्हाला सांगायला कायद्यानेच बंदी आहे. तेव्हा कारण कितीही मागितलं तरी गोलमोल उत्तर येईल. तिथे कारणाचा नाद सोडून कागदपत्रांचा आणि तारखेचा प्रश्न लावून धरायचा.

न्यायालयाची धमकी काढा. व्यापारासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेच्या धंद्याला अपवाद आहे, पण तो वकिलाने मांडायचा मुद्दा, मेलचा नाही. रिझर्व्ह बँकेची कलमंही चिकटवू नका. अनेकजण मार्च 2020 च्या नियमावलीतला परिच्छेद अजून पाठवतात, तिची जागा 15 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनी घेतली आहे. तुमच्या करारातलं सेटलमेंटचं कलम पुरेसं आहे.

21 ला उत्तर आलं नाही तर नवीन तिकीट उघडू नका, नवं तिकीट रांगेच्या शेवटी जातं. तोच मेल, त्याच तिकिटावर, गेटवेच्या वेबसाइटवर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याला पुढे पाठवा.

आणि या काळात कंटाळलेल्या एखाद्या ग्राहकाला स्वतःच्या यूपीआयवरून पैसे परत करू नका. परतावा डॅशबोर्डवरूनच द्या. बाहेरून दिलेला परतावा गेटवेला दिसत नाही, आणि त्या ग्राहकाने बँकेतही तक्रार लावली तर तीच रक्कम तुमच्या अडकलेल्या शिल्लकेतून पुन्हा एकदा कापली जाते.