मृद्गंध म्हणजेच पेट्रिकोर का?

प्रश्न : पहिल्या पावसाच्या वासाला आपण 'मृद्गंध' म्हणतो, हल्ली 'पेट्रिकोर'ही म्हणतात. हे दोन्ही शब्द समानार्थी आहेत का? आणि हा वास पहिल्याच पावसाला का येतो, नंतर का नाही?

बोलताना एकाच्या जागी दुसरा खुशाल वापरा, अर्थ पोचतो. समानार्थी म्हणायला मात्र मी तयार नाही, कारण पेट्रिकोर हा शब्द घडवला गेला तोच मुळी मातीचं नाव टाळण्यासाठी.

इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली 'नेचर'मधल्या एका लेखात हा शब्द सुचवला. त्याआधी खनिजशास्त्राच्या लिखाणात या वासाला 'चिकणमातीचा वास' अशा अर्थाचं नाव होतं. या दोघांचं म्हणणं असं की हा वास एकट्या चिकणमातीचा नाही. ज्यात मातीचा अंशही नाही असे कोरडे खडक ओले केले तरी तो येतो. त्यांनी अशा खडकांतून आणि मातींतून वाफ सोडून ऊर्ध्वपातन केलं, तेव्हा हाती पिवळसर तेल लागलं आणि वास त्या तेलातच होता. मग ग्रीकमधला दगडाचा 'पेट्रा' आणि देवांच्या नसांतून वाहणारा 'इकोर' हे जोडून नाव तयार झालं. दगडातून निघालेलं तेल म्हटल्यावर 'पेट्रोलियम' हेच नाव जास्त शोभलं असतं (पेट्रा म्हणजे दगड, ओलियम म्हणजे तेल), पण ते आधीच भलत्याला देऊन झालं होतं!

हे तेल दगडाच्या पोटातलं नाही. वनस्पतींतून आणि इतर सजीवांच्या अवशेषांतून सुटलेली तेलकट द्रव्यं हवेतून येऊन कोरड्या दगडामातीच्या बारीक छिद्रांत शोषली जातात. कोरडे, तापलेले दिवस जितके लांबतील तितकी ती साठत जातात आणि तिथेच त्यांचं रूपही थोडं बदलतं. पाऊस जवळ आला की हवेतली आर्द्रता वाढते, छिद्रांत ओल शिरते आणि तेलाला बाहेर ढकलते. म्हणून अंगावर एक थेंबही पडलेला नसताना कधीकधी वास आधी येतो.

पण आपण ज्याला मृद्गंध म्हणतो त्यातला खरा 'मातकट' भाग या तेलाचा कमी आणि जिओस्मिन नावाच्या एका रेणूचा जास्त. नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशव्हालिए यांनी तो 1965 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात जिवाणूंपासून वेगळा काढला आणि नाव ठेवलं ग्रीक 'गे' म्हणजे भूमी आणि 'ओस्मे' म्हणजे वास यांवरून. मृद्गंध या शब्दाचं हुबेहूब भाषांतर हवं असेल तर ते पेट्रिकोर नसून जिओस्मिन आहे. तो तयार करणाऱ्यांत मुख्य म्हणजे मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस हे जिवाणू. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध ज्यांच्यापासून मिळालं तेच हे कुळ. माती कोरडी पडू लागली की ते बीजाणू धरतात, आणि जिओस्मिन त्यांच्यासोबत मातीत पडून असतं. माणसाचं नाक या रेणूच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. लिटरभर पाण्यात सुमारे 10 नॅनोग्रॅम असलं तरी अनेकांना ते कळतं. या हिशेबाने 25 लाख लिटरच्या पोहण्याच्या तलावाला मातकट वास आणायला 25 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही, एवढं जिओस्मिन पुरे. पिण्याच्या पाण्याला कधी मातीचा वास येतो त्यामागेही पुष्कळदा हेच असतं.

न्याय-वैशेषिकांनी गंध हा फक्त पृथ्वीचा गुण मानला आणि पाण्याला वास आला तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव अंशाचा, असं म्हटलं. जिवाणू त्यांना माहीत नव्हते, पण पाण्याच्या बाबतीत निकाल बरोबर लागला.

आता तेल आणि जिओस्मिन दोन्ही जमिनीवर, आणि नाक हात-दोन हात उंच. मधलं अंतर कसं कापलं जातं? एमआयटीतल्या दोन संशोधकांनी 2015 साली अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. थेंब सच्छिद्र पृष्ठभागावर आपटून पसरतो तेव्हा त्याच्या तळाशी छिद्रांतली हवा अडकते. तिचे बारीक बुडबुडे थेंबातून वर चढतात आणि वरच्या पृष्ठभागावर फुटतात, सोड्याच्या पेल्यावर तुषार उडतात तसे. त्या तुषारांवर स्वार होऊन जमिनीवरची वासाची द्रव्यं हवेत जातात, मग वारा त्यांना दूर नेतो. त्यांनी 28 प्रकारच्या पृष्ठभागांवर मिळून सुमारे 600 प्रयोग केले. हलक्या आणि मध्यम पावसात तुषार जास्त उडाले, जोरदार पावसात कमी, कारण थेंब फार वेगाने आपटला की बुडबुडे धरायला सवडच राहत नाही. मुसळधार पावसापेक्षा रिमझिम सरीला वास अधिक का, याचं उत्तर इथे आहे.

पहिल्याच पावसाचं गूढही यातच सुटतं. छिद्रं एकदा पाण्याने भरली की अडकायला हवा उरत नाही, म्हणजे तुषार नाहीत. साठलेलं तेल धुऊन गेलेलं असतं, आणि ते पुन्हा साठायला पुन्हा कोरडे दिवस जावे लागतात. पाऊस मध्ये बरेच दिवस दडी मारून परत आला तर वासही परत येतो, पण सहसा पहिल्याइतका नाही.

जिओस्मिन मात्र असं संपत नाही. भर पावसाळ्यात ओली काळी माती खणून मुठीत घ्या, वास येतोच. हाच दोन शब्दांतला फरक नाकाने ओळखायचा सोपा मार्ग : उन्हात तापलेल्या उघड्या दगडावर दोन थेंब टाकून येणारा, किंचित धुरकट कोरडा वास मुख्यतः पेट्रिकोरचा, आणि खणलेल्या ओल्या मातीचा वास जिओस्मिनचा. पहिल्या सरीला मातीतून दोन्ही एकदम उठतात, म्हणून शब्दांची सरमिसळ झाली. विजा चमकत असताना पावसाआधी येणारा झोंबरा, क्लोरीनसारखा वास तिसराच, तो ओझोनचा. त्याला मृद्गंध म्हणणं सरळ चूक.

तेव्हा माझा सल्ला असा : ललित लेखनात मृद्गंध लिहा, त्यात काही कमी नाही. शास्त्रीय लेखनात दगडाच्या वासाबद्दल बोलत असाल तर पेट्रिकोर तसाच ठेवा, 'मृद्' तिथे दिशाभूल करेल.

आणि लिहिताना 'मृदगंध' नको. मूळ शब्द 'मृद्' हलन्त आहे, तेव्हा जोडाक्षरच हवं : मृद्गंध. पुढे प आला की मृत्पात्र, म आला की मृण्मय, हीही त्याचीच रूपं. 'मृदुगंध' असंही कधीकधी दिसतं. त्याचा अर्थ सौम्य वास, म्हणजे तो वेगळाच शब्द झाला.