ट्रे लावला म्हणजे पाणी थांबत नाही

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीच्या रेलिंगला कुंड्या अडकवायच्या आहेत. हुक कोणते घ्यावेत, बाहेरच्या बाजूला लावावेत का, आणि खालच्यांच्या घरात पाणी ठिबकू नये म्हणून ट्रे पुरेसा होतो का?

नाही होत. आणि बाहेरच्या बाजूला तर मुळीच लावू नका. हे मी ठामपणे सांगते, कारण या एका गोष्टीवरून आमच्या घरात पूर्ण उन्हाळाभर वाद चालला होता.

आम्ही फोंड्यात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीचं रेलिंग स्टीलचं, वरचा पाइप दोन इंची आणि खाली बोटाएवढ्या जाड उभ्या सळ्या. एप्रिलमध्ये भावोजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, तीन लांबट कुंड्या आणून दिल्या, प्रत्येकी 18 इंची. सोबत काळ्या रंगाचे लोखंडी हुक होते. रस्त्यावरून शोभा दिसावी म्हणून त्यांनी त्या स्वतःच बाहेरच्या अंगाला अडकवल्या. दोनमध्ये मी अबोली लावली, एकीत चिनी गुलाब. खाली ट्रे होतेच, त्यामुळे मलाही काही वावगं वाटलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी हाक मारली, "बाय गे, सोलांचेर उदक पडटा!" मी खाली गेले. त्यांच्या गॅलरीत सुपांमध्ये सोलं वाळत होती, पाचव्या की सहाव्या पुटाची, आणि त्यावर तपकिरी थेंबांचे डाग. माझ्या कुंडीतल्या शेणखताचं पाणी होतं ते. ज्यांनी सोलं केली आहेत त्यांना ठाऊक आहे की रोज रस लावून वाळवण्यात किती दिवस जातात. ते सूप त्यांनी फेकून दिलं. मला एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, पण मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

भावोजींचं म्हणणं एकच होतं, "ट्रे लावलाय ना, मग पाणी पडेलच कुठून? वरच्या एसीचं असेल." हे वाक्य मी महिनाभर ऐकलं. शेवटी मी आजींना विचारून त्यांच्या गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरली, कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि तेच पाणी एका कुंडीला घातलं. दहा मिनिटांत कागदावर निळे थेंब उमटले. तुमच्याकडेही कोणाला शंका असेल तर हेच करा. फक्त खालच्यांना आधी सांगा आणि त्यांचे कपडे काढून घ्यायला लावा.

त्या थेंबांच्या दोन ओळी होत्या. पहिली रेलिंगपासून वीतभर बाहेर, दुसरी अगदी स्लॅबच्या काठाला. म्हणजे पाणी दोन वाटांनी पडत होतं, आणि दोन्हींचं कारण वेगळं निघालं.

पहिली वाट ट्रेच्या बाहेरच्या कडेवरून. ट्रे उतरवून ओट्यावर ठेवला तर त्यात लिटरभर पाणी मावत होतं, हुकात असताना मात्र जेमतेम 700 मिलि. कारण तो सरळ बसतच नव्हता. हुक दोन इंची पाइपवर बसतो आणि त्याचा खालचा पाय सळ्यांना टेकतो. पाइप जाड आणि सळी बारीक, त्यामुळे पाय पाऊण इंचाच्या आसपास आत सरकतो. कुंडीचा तळ आत गेला की तिची बाहेरची कड खाली झुकते. म्हणजे ट्रे रस्त्याच्या बाजूला कललेला, आणि भरला की सगळं पाणी नेमकं शेजाऱ्यांच्या दिशेने. नुसत्या नजरेला हे दिसत नाही. रिकाम्या ट्रेत पेलाभर पाणी ओतून ते कुठल्या कडेला जमतं ते पाहा, लगेच कळेल.

दुसरी वाट जास्त फसवी. ट्रेच्या काठावरून ओघळलेलं थोडं पाणी खाली न पडता ट्रेच्या पोटाला चिकटून हुकापर्यंत येतं, हुकाच्या पट्टीवरून सळीवर, सळीवरून स्लॅबच्या काठावर. तिथून ते थेंबाथेंबाने खालच्यांच्या गॅलरीत. कुंडी बाहेर आहे तोवर ही वाट पूर्ण बंद करता येत नाही. मी ट्रेच्या पोटाला सिलिकॉनची बारीक रेघ ओढून पाहिली, पाणी तिथे अडून थेंब सुटावा म्हणून. थेंब सुटला, पण सुटून पडला खालीच.

त्यावर उपाय म्हणजे तेच हुक उलटे फिरवून कुंड्या आतल्या अंगाला घेणं. गंमत म्हणजे जो कल आधी नडत होता तोच आता कामी येतो, कारण ट्रे सांडला तरी आपल्याच गॅलरीत सांडतो. फार कलू नये म्हणून हुकाचा पाय आणि सळी यांच्यामध्ये मी जुन्या रबरी चपलेच्या टाचेचा तुकडा कापून बांधला आहे. त्याने कुंडी जवळजवळ सपाट बसते, अगदी किंचित आतल्या बाजूला उतार राहतो, आणि तो ठेवायचाच. त्या खालच्या कडेला हुकाला सुती दोरी बांधून तिचं टोक जमिनीवरच्या बादलीत सोडलं आहे. पाणी दोरीवरून गुपचूप उतरतं, शिंतोडे उडत नाहीत. तेच पाणी दुसऱ्या दिवशी परत कुंडीला जातं.

तरीही ट्रे रोज भरत होता, आणि इथे चूक माझी होती. मी सकाळी एकदम मगभर पाणी ओतायचे. मेच्या उन्हात तांबडी माती आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते, तर कोरडं कोकोपीट सुरुवातीला पाणी घेतच नाही. ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट तळाला जातं. मोजून पाहिलं तेव्हा एका वेळी ओतलेल्या लिटरमधलं निम्म्याहून जास्त पाणी पाच मिनिटांत ट्रेत होतं आणि वरची माती बोटभर खाली कोरडीच. आता मी आधी पेलाभर पाणी सगळीकडे सारखं शिंपडते, अर्धा तास थांबते आणि मग 300-400 मिलि सावकाश घालते. एवढ्यात भागतं. ट्रेत चमचा-दोन चमचे येतं. अबोली आधीपेक्षा चांगली फुलते आहे. भावोजींना मी हेच सांगत होते की ट्रे मोठा घेऊन प्रश्न सुटणार नाही, पाणी खालीच का येतंय ते बघायला हवं.

आता हुकांबद्दल. वजन आधी बघा. निव्वळ तांबडी माती आणि शेणखत भरलेली माझी कुंडी पाणी घातल्यावर बॅगा तोलायच्या काट्यावर 13 किलो भरली. माती एक भाग, कोकोपीट दोन भाग आणि थोडं गांडूळखत असं केल्यावर तीच 8 किलोवर आली. दुकानात दाखवतात ती कुंडी रिकामी असते, त्यामुळे हुक पाणी घातलेल्या वजनाला पुरतो का हे विचारा. एका कुंडीला दोन हुक हवेतच आणि हुकाचा वाक पाइपच्या मापाचा हवा. सैल हुक वाऱ्याने उचलला जातो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी गोव्यात काय वारा होता ते आठवा. पाइपच्या खालून बोल्टने आवळता येतात असे हुक मिळतात, तेच घ्या. प्लॅस्टिकचे पट्टे बांधून भागवू नका, पांढरे तर उन्हात एक-दोन वर्षांत ठिसूळ होतात.

रंग दिलेलं लोखंड इथे टिकत नाही. माझ्या हुकांचा रंग पाइपवर घासला जातो तिथे आणि वेल्डिंगपाशी पहिल्याच पावसाळ्यात निघाला आणि गंजाचं पाणी रेलिंगवर ओघळलं. स्टेनलेस घ्या, 304 दर्जाचं. समुद्राजवळ राहत असाल तर 316. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही" म्हणतात त्यावर जाऊ नका. स्वस्तातलं 202 सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, आणि ते खाऱ्या हवेत डागाळतं. दर्जा बिलावर लिहून घ्या.

पावसाळ्याचं वेगळं. जून ते सप्टेंबर मी कुंड्या खाली उतरवून भिंतीलगत ठेवते आणि ट्रे काढून टाकते. आपल्याकडच्या पावसात ट्रे तासाभरात भरतो, कितीही मोठा असो. पावसाचं पाणी खालच्यांकडे जातंच, त्याला कोणी नाव ठेवत नाही, पण मातीचं गढूळ पाणी गेलं तर ठेवणारच. बाकीच्या दिवसांतही ट्रेत साठलेलं पाणी आठवड्याच्या आत ओतून टाका, नाहीतर डास होतात.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. कुंड्या आत घेतल्या की गॅलरीची जागा वीतभर कमी होते. आमची साडेतीन फुटांची आहे म्हणून खपलं, अडीच फुटांच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना कोपर लागेल. दुसरं म्हणजे तुमच्या गॅलरीचं पाणी कुठे जातं ते आधी पाहा. जुन्या बिल्डिंगमध्ये पाइपचा छोटा तुकडा भिंतीबाहेर काढलेला असतो आणि जमिनीवरचं पाणी त्यातून थेट खाली पडतं. तसं असेल तर कुंडी आत घेऊनही काही फरक पडणार नाही, बादली ठेवावीच लागेल.

काचेच्या रेलिंगला किंवा विटांच्या कठड्याला काय करायचं हे मी केलेलं नाही, म्हणून सांगत नाही. फक्त कठड्याच्या वरच्या ग्रॅनाइटला भोकं पाडू नका, पाणी आत मुरतं.

भावोजींच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये कुंड्या अजून बाहेरच्याच अंगाला आहेत. त्यांच्या खालचा फ्लॅट सध्या बंद आहे. आमच्या आजींनी या वर्षी सोलं पुन्हा आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली वाळत घातली होती, न विचारता.