कासवाची गोष्ट कानांसाठी लिहिताना

प्रश्न: मी दर शनिवारी अंगणवाडीत गोष्ट वाचून दाखवते. गेल्या वेळी पंचतंत्रातली कासव आणि दोन हंसांची गोष्ट पुस्तकातून वाचली, तर साडेतीन-चार वर्षांची मुलं दोन मिनिटांत उठून गेली. गोष्ट तर छोटीच आहे. वाचण्याआधी मजकुरात काय आणि किती बदलावं?

उत्तर: हीच गोष्ट मी बालवाडीत बरीच वर्षं सांगत आले आहे, आणि पहिल्या वेळी माझीही मुलं उठून गेली होती. गोष्ट छोटी असली तरी तिची वाक्यं छोटी नसतात, गोची तिथेच होते.

छापील गोष्टीची सुरुवात बहुधा अशा थाटाची असते: ‘एका विशाल सरोवरात राहणाऱ्या कंबुग्रीव नावाच्या कासवाची संकट व विकट नावाच्या दोन हंसांशी घनिष्ठ मैत्री होती.’ डोळ्यांना हे चालतं. कानाला मात्र ‘मैत्री होती’ येईपर्यंत सगळं ओझं डोक्यावर धरून ठेवावं लागतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. चार वर्षांचं मूल ‘राहणाऱ्या’पाशीच सुटतं. म्हणून ‘-णाऱ्या’, ‘असलेल्या’, ‘नावाच्या’ अशा शब्दांना आधी पेन्सिलीने गोल करा. प्रत्येक गोलातून एक वेगळं वाक्य निघतं. माझ्या वहीत तीच सुरुवात अशी आहे:

‘एक होतं तळं. तळ्यात होतं एक कासव. कासव होतं बडबडं. बडबड, बडबड, दिवसभर बडबड! त्याचे मित्र कोण? दोन हंस.’

यात क्रियापद मुद्दाम पुढे ओढलंय. लिहिताना आपण सहसा तसं करत नाही, पण आजी गोष्ट सांगताना ‘एक होता राजा’ असंच म्हणते. शिवाय आधीच्या वाक्याचा शेवट पुढच्याच्या तोंडाशी येतो (तळं, तळ्यात, कासव, कासव), त्यामुळे मध्येच खिडकीबाहेर बघून आलेलं मूलही परत धागा पकडतं. आणि कासव बडबडं आहे हे पहिल्या दमातच कळायला हवं. ते शेवटी कळलं तर ते का पडलं हे मुलांना उमगत नाही.

छापलेलं ‘झाडे, पाने, सुकले, राहत असे’ तसंच वाचू नका. ‘झाडं, पानं, सुकलं, राहायचं’ असं बोला. घरात कुणी ‘पाणी सुकले’ म्हणत नाही, त्यामुळे मुलांना ते बातम्यांसारखं लागतं.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. पुस्तकात आधी बोलणं येतं आणि मग ‘असे हंस म्हणाले’. ऐकणाऱ्याला तोवर कोण बोलतंय तेच कळलेलं नसतं. नेहमी ‘हंस म्हणाले’ आधी घ्या, बोलणं नंतर. आवाज बदलण्याची कला नसली तरी एवढ्याने निम्मं काम होतं.

शब्दांबाबत मी फार सोवळं पाळत नाही. ‘सरोवर’चं तळं केलं, ‘दुष्काळ’ऐवजी ‘पाऊसच आला नाही, तळं आटत चाललं’ केलं. पण ‘आटणं’ तसंच ठेवलं. ते मुलांना नवीन असलं तरी पुढच्याच वाक्यात ‘आज पाणी गुडघ्याएवढं, उद्या घोट्याएवढं’ म्हणून हाताने दाखवलं की कळतं. एका गोष्टीत असे दोन-तीन नवे शब्द पुरेत. कंबुग्रीव हे नाव काढलं. शंखासारखी मान असा त्याचा सुंदर अर्थ आहे, पण जोडाक्षरात जीभ अडकते. संकट-विकट ही जोडी मला कानाला गोड वाटली म्हणून एका वर्षी ठेवली होती. ‘संकट आलं’ म्हटल्यावर अर्धा वर्ग घाबरून दाराकडे बघायला लागला, तेव्हापासून ते नुसते हंस आहेत.

आता मुख्य काम पुनरावृत्तीचं. मूळ गोष्टीत कासव काठी तोंडात धरून उडतं, खाली गावातले लोक ओरडतात, ते बोलायला जातं आणि पडतं. सगळं एकाच दमात. कानाला हे फार घाईचं होतं. मी एकाच प्रसंगाचे तीन केले: आधी शेतावरून, मग नदीवरून, मग गावावरून. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत चिमणीचं ‘थांब’ तेच राहतं आणि काम तेवढं बदलतं, तसंच इथेही वाक्यं शब्दशः तीच ठेवायची आणि बदल एकाच जागी करायचा:

‘खाली होतं शेत. शेतातली माणसं म्हणाली, अगंबाई, उडणारं कासव! कासवाला वाटलं, बोलावं. पण हंसांनी काय सांगितलं होतं? काठी घट्ट, तोंड गप्प!’

दुसऱ्या वेळी फक्त ‘होतं शेत’च्या जागी ‘होती नदी’ आणि ‘शेतातली’च्या जागी ‘नदीवरची’. ‘काठी घट्ट, तोंड गप्प’ यात चार शब्द आणि चार टाळ्या आहेत. माझं पहिलं पालुपद ‘काठी घट्ट धरून ठेव आणि वाटेत काही झालं तरी बोलू नकोस’ असं होतं. ते मुलांनी एकदाही म्हटलं नाही. एका श्वासात मावत नसेल आणि टाळीवर बसत नसेल, तर ते पालुपद मुलांच्या तोंडी बसत नाही. दुसऱ्या वेळी तुमच्या आधी दोघं-तिघं बोलून गेली, म्हणजे जमलं. तिसऱ्या वेळीही तुम्हालाच म्हणावं लागलं, तर ते आणखी छाटा.

उलटी चूकही मी केली आहे. हुरूप आला म्हणून डोंगर, बाजार, शाळा असे सहा थांबे घातले. मुलं मजेत ओरडत राहिली, पण कासव पडलं तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं. तीनच ठेवा. आणि तिसऱ्या वेळी, गावावर, पालुपद मुलांनी म्हटल्यावर लगेच पुढे जाऊ नका. मनातल्या मनात तीन आकडे मोजा. मग हळू म्हणा, ‘कासवाने तोंड उघडलं...’ आणि परत थांबा. ‘धप्प!’ त्यानंतरच. माझ्या प्रतीत अशा जागी दोन उभ्या रेघा आहेत, नुसता श्वास घ्यायचा तिथे एक.

चित्रात दिसतं पण मजकुरात नसतं असंही काही शोधा. काठी मध्ये कासवाच्या तोंडात आणि दोन टोकं हंसांच्या चोचीत, हे शब्दांनी सांगायला गेलं तर गोंधळ होतो. मी एक पेन्सिल घेते आणि दोन मुलांना टोकं धरायला लावते.

शेवटाबद्दल मतभेद होतील. पंचतंत्रात कासव मरतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मी तेच सांगते. साडेतीनच्या मुलांनी मात्र इतका वेळ ‘तोंड गप्प’ म्हणून त्याला वाचवायचा प्रयत्न केलेला असतो, म्हणून त्यांच्यासाठी ते गावातल्या तळ्यात पडतं: ‘डुबुक!’ यात मूळ गोष्टीची धार जाते, हे मला मान्य आहे. तात्पर्य दोन्हीकडे गाळते.

वाचण्याआधी एकदा मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. माझी ही गोष्ट साधारण सहा मिनिटं चालते. छापील मजकूर दोन मिनिटांत संपायचा, तरी मुलं उठायची. शनिवारी ती नेमकी कुठल्या वाक्याला चुळबुळ करतात तिथे नुसती एक खूण करा. पुढच्या वेळी तेवढंच वाक्य तोडा, बाकीच्याला हात लावू नका.