उचल पगारखर्चात टाकू नको

भाऊ, आखाजीला डाळमिलच्या हमालाला १२,००० उचल दिली, तर ती त्या दिवशी खर्च नाही, येणं आहे. त्याच्या नावाचं उचल खातं नावे, रोकड जमा.

पुढे दरमहा ३,००० कापायचे. पगार १८,००० असेल तर पगारखर्च पूर्ण १८,०००च नावे टाक. जमेला उचल खातं ३,००० आणि देय पगार १५,०००. नवखे इथेच हातात पडलेले १५,००० खर्च धरतात. मग खर्च कमी दिसतो आणि उचल तशीच उभी राहते. पीएफसुद्धा कपातीआधीच्या पगारावरच काढायचा.

चौथ्या हप्त्यानंतर खातं शून्य व्हायला हवं. जमा बाकी दिसली, तर कपात थांबवायची राहिली. जादा कापलेले पैसे त्याला परत दे.