दिंडीचे महाराज गेले, शोकसंदेश कसा लिहावा?

प्रश्न: आमच्या दिंडीचे महाराज आज पहाटे गेले. ग्रुपवर टाकायला आणि त्यांच्या घरी पाठवायला संदेश हवा आहे. दोन्हीकडे एकच मजकूर चालेल का?

नाही चालणार. भाविकांना कधी, कुठे आणि काय घेऊन यायचं ते कळायला हवं. घरच्यांना यातलं काहीच नको असतं, ते तिथेच आहेत.

ग्रुपवरचा संदेश छोटा ठेवा आणि घरच्यांना एकदा विचारून एकाच माणसाने टाका. दोघांनी टाकला की अंत्ययात्रेच्या दोन वेगवेगळ्या वेळा फिरू लागतात आणि लांबून येणाऱ्यांचं अंत्यदर्शन हुकतं. साधारण असा लिहा:

«॥ रामकृष्णहरी ॥ आपल्या दिंडीचे ह.भ.प. (नाव) महाराज यांनी आज (तारीख व तिथी) पहाटे सव्वाचार वाजता राहत्या घरी देह ठेवला. अंत्यदर्शन सकाळी दहापासून विठ्ठल मंदिरात. अंत्ययात्रा दुपारी दोन वाजता तिथूनच निघेल. वारकऱ्यांनी टाळ घेऊन यावे, हार तुळशीचाच आणावा. घरी फोन करू नये, काही विचारायचे असल्यास विणेकऱ्यांना विचारावे.»

तिथी आणि वेळ दोन्ही लिहा, कारण पुढे पुण्यतिथीचा सप्ताह तिथीवरच बसणार. दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकटीत सूर्योदयाची तिथी छापलेली असते. महाराज पहाटे गेले आहेत, म्हणजे त्या क्षणी आदली तिथी चालू असू शकते. समाप्तीची वेळ बघून, गुरुजींना विचारूनच तिथी टाका. तोवर नुसती तारीख आणि वेळ दिलीत तरी हरकत नाही. एकदा चुकीची तिथी फिरली की ती पुढे फलकावरही तशीच येते.

«ईश्वर मृतात्म्यास शांती देवो» हे वाक्य मात्र काढून टाका. ज्यांच्याकडून माळ घेतली त्यांच्या शांतीसाठी शिष्याने देवाकडे रदबदली करायची, हे मला पटत नाही. शिवाय आत्मा मरत नाही हे ज्यांनी आयुष्यभर कीर्तनात सांगितलं, त्यांनाच मृतात्मा म्हणायचं? «महाराजांच्या चरणी साष्टांग दंडवत» एवढं पुरे. पुढच्या पत्रकांवर नावाआधी «वै.» लावा, म्हणजे वैकुंठवासी.

आता घरचं पत्र. इथे भाविक हमखास लिहितात: «आम्ही पोरके झालो.» ते वाचणार कोण? ज्यांचा बाप गेला ती मुलं. हा शब्द त्यांचा आहे, तो त्यांच्यासाठी सोडा. «महाराज चैतन्यरूपाने आपल्यातच आहेत, शोक करू नका» हेही नको. त्या घराने वर्षानुवर्षं आपला माणूस वारीला, सप्ताहांना, लोकांच्या अडीअडचणींना दिला, आता त्यांना रडू तरी द्या. आणि थोरल्या मुलाला पत्रात «महाराज» म्हणू नका. गादीचा विषय तेराव्याच्या आधी काढणं मला असभ्य वाटतं, मग कुणी कितीही परंपरा सांगो.

पत्र महाराजांच्या पत्नीच्या नावाने, हाताने लिहिलेलं असावं. पाकिटावर जुन्या यादीतून उचललेलं «सौ.» जाऊ देऊ नका.

«ती.स्व. माईंना साष्टांग नमस्कार. महाराज गेल्याचं कळलं. शेवटचा म्हातारा वारकरी मुक्कामी पोचल्याशिवाय ते ताटावर बसत नसत. दरवर्षी वारीला ते आमच्यासोबत असत आणि इकडे घर तुम्ही एकट्या सांभाळत होता, याची आम्हाला जाणीव आहे. दशक्रियेपर्यंत रोज आमच्यातले दोघे येऊन बसतील. येणाऱ्यांचं पाणी आणि बसायची सोय ते बघतील. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नका.»

यातलं ताटाचं वाक्य तुमच्या महाराजांचं, डोळ्यांनी पाहिलेलं असू द्या. «थोर, प्रेमळ, मनमिळाऊ» कुणालाही लागू पडतं. दोन जण येतील असं लिहिलंत तर नावं आधी ठरवा, नाहीतर ती ओळ गाळा. खाली मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं देण्यावरून आमच्याकडे माझा जुना वाद आहे आणि मी अजून तिथेच आहे: ती नावं फलकावर घाला, पत्राखाली एकाच माणसाची सही हवी.

हे सगळं गृहस्थाश्रमी महाराजांपुरतं. ते संन्यासी असतील तर «ब्रह्मलीन» लिहा, पत्र मठाला पाठवा आणि दशक्रियेचा उल्लेख करू नका. संन्याशाला दशक्रिया नसते, सोळाव्या दिवशी षोडशी असते. पूर्वाश्रमीच्या घरी लिहायचंच असेल तर वेगळं, साधं पत्र लिहा. लिंगायत शिवाचार्यांसाठी शब्द «लिंगैक्य» आहे, वैकुंठ तिथे आणू नका. आणि घरच्यांनीच «निधन» शब्द वापरला असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवून तोच वापरा.