1200 आणि 3600 मीटरच्या वेळेवरून क्रिटिकल स्पीड कसा काढायचा?

प्रश्न: शाळेच्या मैदानावर 200 मीटरचा गोल आहे. 1200 मीटर 3:50 मध्ये गेले, दोन दिवसांनी 3600 मीटर 13:10 मध्ये. यावरून क्रिटिकल स्पीड किती, आणि 1600, 5 किमी, 10 किमीला किती वेळ लागेल? (दारव्हा तालुका)

उत्तर:

भाऊ, आधी वेळ सेकंदांत करा: 230 आणि 790. दोन्ही अंतरांतला फरक 2400 मीटर, वेळेतला 560 सेकंद. भागाकार 4.29 मीटर प्रति सेकंद, म्हणजे किलोमीटरला साधारण 3:53. हा तुमचा क्रिटिकल स्पीड. या वेगाने 230 सेकंदांत 986 मीटर होतात, तुम्ही 1200 धावलात. वरचे 214 मीटर म्हणजे गाठीशी असलेला साठा. क्रिटिकल स्पीडच्या वर पळालं की तो खर्च होतो, आणि संपला की पाय जड होतात.

कुठल्याही शर्यतीसाठी अंतरातून 214 वजा करा आणि 4.286 ने भागा. 1600 मीटर 5:23, 5 किमी 18:37, 10 किमी 38:03. भरतीच्या 1600 साठी हा आकडा मी बिनधास्त धरेन, कारण तो तुमच्या दोन चाचण्यांच्या मधेच येतो. 5 किमीला थोडं जास्तच लागेल असं समजा. 10 किमीचा आकडा मात्र हातचा राखून घ्या. क्रिटिकल स्पीड अर्ध्या तासाच्या आसपासच टिकतो, आणि थकवा पुढे वाढतच जातो हे या सूत्राला कळत नाही. त्यामुळे 39 ते 40 मिनिटं धरणं शहाणपणाचं. हाफ मॅरेथॉनला हे सूत्र लावूच नका.

चूक कुठे होते ते नीट बघा. समजा 1200 ला जीव लावला नाही आणि 3:50 ऐवजी 4:00 लागले. आता फरक 550 सेकंदांचा, क्रिटिकल स्पीड 4.36, आणि 10 किमीचा अंदाज 37:37. छोटी चाचणी वाईट गेली, तरी मोठ्या शर्यतीचा अंदाज 26 सेकंदांनी सुधारला! याउलट 3600 मध्ये शेवटी ढिले पडलात तर क्रिटिकल स्पीड खाली येतो. म्हणून दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या दिवशी, पण पहाटेच आणि पूर्ण ताकदीने झाल्या पाहिजेत. एप्रिल-मेमध्ये एक पहाटे आणि दुसरी ऊन चढल्यावर धावलात तर त्या हिशेबाला अर्थ राहत नाही.

चुन्याची रेघही तपासा. गोल नेमक्या रेघेवरून मोजला असेल आणि तुम्ही एक मीटर बाहेरून पळत असाल, तर प्रत्येक फेरीला 6.3 मीटर जास्त पडतात. 3600 च्या 18 फेऱ्यांत ते 113 मीटर होतात.

दोन बिंदूंतून रेघ नेहमीच बरोबर जाते, त्यामुळे चूक आपोआप दिसत नाही. दोन-तीन दिवस आराम करून 2400 मीटर धावा. 8:30 च्या पाच-सात सेकंद इकडे-तिकडे आलात तर वरचे आकडे वापरा. त्याहून जास्त फरक पडला तर आधी 1200 पुन्हा घ्या, कारण बहुतेक वेळा तीच अर्ध्या मनाने पळलेली असते.