टीएसएच 11 आलंय, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत. थायरॉईडची गोळी घेऊन फरक पडेल का?

टीएसएच इतकं वाढलेलं म्हणजे थायरॉईड कमी पडतोय, त्यामुळे तुमच्या आकड्यांवरून फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. मी यातूनच गेले आहे. माझी पाळी 45 ते 50 दिवसांवर गेली होती आणि आली की आठ-नऊ दिवस थांबायची नाही. पहिल्या डॉक्टरांनी फक्त पाळी आणायच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा टीएसएच 18 निघालं, फ्री टी4 हे थायरॉईडचं हार्मोन कमी आणि प्रोलॅक्टिन 42.

प्रोलॅक्टिन म्हणजे दूध येण्याचं हार्मोन. ते वाढलेलं पाहून मी घाबरले. डॉक्टरांनी समजावलं, की थायरॉईड कमी पडला की मेंदू त्याला जोरात हाका मारतो, आणि त्याच हाकेने प्रोलॅक्टिनही वाढू शकतं. ते वाढलं की बीजाशयाला मिळणारे इशारे मंदावतात आणि बीज वेळेवर फुटत नाही. म्हणून प्रोलॅक्टिनसाठी वेगळी गोळी न देता त्यांनी आधी 75 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन सुरू केलं.

सात आठवड्यांनी टीएसएच 9.6 होतं. चूक माझीच होती. थायरॉईडच्या गोळीबरोबरच मी लोहाची गोळी गिळत होते, आणि लोह किंवा कॅल्शियम सोबत असलं की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. मग पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर थायरॉक्सिन, चहा अर्ध्या-पाऊण तासाने आणि लोह चार तासांनंतर, असं ठरवलं. डोस तोच ठेवला. पुढच्या सात आठवड्यांत टीएसएच 2.1 वर आलं, प्रोलॅक्टिनही आपोआप उतरलं. पाळी आधी 36 आणि मग 31 दिवसांनी आली.

बीज फुटतंय का हे प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत कळतं. ती सरसकट 21व्या दिवशी करू नका. अपेक्षित पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते. लांब चक्रात 21व्या दिवशी केली तर उगाच कमी दिसते.

मला उपचाराच्या पाचव्या महिन्यात दिवस राहिले. टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या करायला सांगितल्या, कारण गरोदरपणात गरज लगेच वाढते. पुढे दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासत होते. ही वाढ तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, तेव्हा धावपळ नको.

एक मात्र स्पष्ट सांगते: टीएसएच 2.5च्या खाली येऊन दोन-तीन महिने झाले तरी पाळी लांबत असेल, तर कारण दुसरंही असू शकतं, पीसीओएससारखं. आणि पतींची वीर्यतपासणी त्यासाठी थांबवू नका. वर्ष झालंय ना, ती आत्ताच करून घ्या.